सही करण्याआधी : खेळाच्या दौऱ्याचे संमतिपत्र

समजा, कल्याण तालुक्यातील एका गावची मुलगी आठवीत शिकते. खो-खो चांगला खेळते. तिची शाळा तालुक्यात जिंकली, मग जिल्ह्यात जिंकली. आता पुढचे सामने अलिबागला आहेत. मुलगी हरखून घरी येते आणि दप्तरातून एक कागद काढते. कागदावर वर लिहिले आहे, "पालकांचे संमतिपत्र". बाप म्हणतो, "सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखव, लगेच करतो."

जरा थांबू या. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा बोट ठेवायचे ते सहीच्या जागेवर नाही, पहिल्या ओळीवर.

संमती म्हणजे होकार. अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणतात. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वय कमी एवढाच त्याचा अर्थ. अज्ञान मुलाच्या वतीने होकार द्यायचा तो आईने किंवा बापाने. दोघेही नसतील तर जो खरोखर सांभाळ करतो त्या पालकाने. थोरल्या भावाने घाईत सही ठोकून द्यायची नाही.

कागदाचा पहिला भाग प्रवासाचा. कुठे जायचे, किती तारखेला निघायचे, कधी परतायचे, कोणत्या गाडीने, मुक्काम कुठे, बरोबर कोण. आपल्या मुलीच्या कागदावर नुसते "क्रीडा दौऱ्यास पाठविण्यास माझी संमती आहे" असे लिहिले आहे. हे पुरेसे नाही. कल्याणहून रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडून नाशिकला जातो, दुसरा कर्जतवरून पुण्याला. अलिबागची वाट तर आणखी निराळी, पनवेल आणि पेणवरून जाणारी. जागाच लिहिली नसेल, तर आपण होकार दिला तो कशाला? म्हणून गुरुजींना सांगावे, गावाचे नाव आणि तारखा भरून द्या. गाडीचेही विचारावे. एस.टी. महामंडळ शाळांना करारावर गाडी देते. खासगी गाडी असेल तर मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर मागून घ्यावा. मुली जाणार असतील तर बरोबर बाई शिक्षिका आहे का, हेही विचारावे. हे विचारण्यात कसला संकोच?

दुसरा भाग धोक्याचा. तिथे लिहिलेले असते, "खेळताना व प्रवासात दुखापत होऊ शकते, याची मला जाणीव आहे." हे वाक्य खरे आहे. खो-खोत खांबाजवळ वळताना पाय मुरगळतो, सूर मारताना गुडघे फुटतात. कधी हातही मोडतो. गुरुजींनी कितीही लक्ष दिले तरी असे होते. खेळ म्हटला की तेवढा धोका आला. एवढे कबूल करायला हरकत नाही.

पण त्याच्याच खाली दुसरी ओळ असते, "काहीही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही." या दोन ओळी सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. पाय मुरगळणे वेगळे, आणि ड्रायव्हर दारू पिऊन गाडी चालवतो, किंवा गुरुजी मुलांना पाण्यात सोडून चहा पीत बसतात, ते वेगळे. पहिला खेळातला धोका. दुसऱ्याला हयगय म्हणतात. हयगय म्हणजे जी काळजी घ्यायला हवी होती ती न घेणे.

अलिबागचेच पाहू. सामने दुपारी संपतात. समुद्र जवळ असतो. मुले म्हणतात, "सर, थोडा वेळ जाऊ या ना." अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते. भरती सुरू झाली की तीच वाट पाण्याखाली जाते. ज्याला भरतीची वेळ ठाऊक नाही तो अडकतो. याच रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती मुले कॉलेजची होती, आपल्या मुलीपेक्षा मोठी.

असे झाले तर त्या कागदामुळे शाळा सुटते का? कोर्टाने काय म्हटले ते सांगतो. पंजाबात पठाणकोटजवळची एक शाळा २८ मे १९९५ रोजी मुलांना बियास नदीकाठी सहलीला घेऊन गेली. तिथे १४ मुले बुडाली. आईबाप कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने दर मुलामागे ५ लाख रुपये भरपाई ठरवली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००१ साली त्या न्यायालयानेही तीच रक्कम कायम ठेवली. शिक्षक शाळेच्या कामावर होते, मुलांची काळजी त्यांच्यावर होती, म्हणून त्यांच्या हयगयीचा भार शाळेवर आला. तेव्हा "जबाबदार राहणार नाही" असे लिहून घेतले म्हणून हयगयीची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. तरी ती ओळ आहे तशी सोडू नये. तिच्यावर एक रेघ मारावी. बाजूला लिहावे, "खेळातील नेहमीच्या दुखापतीचा धोका मान्य. हयगयीबद्दल सूट नाही. समुद्रात किंवा नदीत उतरविण्यास संमती नाही." त्या लिखाणाशेजारी छोटी सही करावी. एवढ्यावरून कोणी मुलीला संघातून काढू लागले तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटावे.

तिसरा भाग तब्येतीचा. इथे चूक बहुधा आपल्याच हातून होते. मुलीला लहानपणापासून दमा आहे. पण आई म्हणते, "लिहू नका, नाहीतर घेणार नाहीत." असे लपवून ठेवले आणि मैदानात धूळ उडून मुलीचा श्वास कोंडला, तर शिक्षकांना काय झाले ते कळत नाही. पंप दप्तरात आहे हेही माहीत नसते. पुढे भरपाई मागायला गेलो तर शाळा म्हणेल, आम्हांला सांगितलेच नव्हते, आणि ते खरेच असेल. दमा, फिट येणे, एखादे औषध अंगाला न मानवणे, सगळे लिहावे. रोजची गोळी असेल तर तिचे नाव आणि वेळही लिहावी.

त्याच भागात एक ओळ उपचाराची असते. पालकांशी संपर्क न झाल्यास शिक्षकांनी मुलीला दवाखान्यात नेऊन उपचार करवून घ्यावेत, अशी. या ओळीला होकार द्यावा. जिवावर बेतले असेल आणि पालक वेळेत भेटत नसेल, तर डॉक्टरने चांगल्या हेतूने उपचार केले म्हणून कायदा त्याला दोषी धरत नाही. पण मोडलेल्या हाताचे ऑपरेशन उद्यावर टाकता येत असेल, तर डॉक्टर आईबापाची वाट पाहतो. म्हणून फोनचे दोन नंबर द्यावेत. आई डोंबिवलीच्या कारखान्यात कामाला असेल आणि तिथे फोन आत नेऊ देत नसतील, तर दुसरा नंबर अशा शेजाऱ्याचा द्यावा जो दिवसा घरी असतो. त्या शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

आता सही. रिकाम्या जागा राहिल्या असतील तर त्यांत रेघ ओढावी, म्हणजे मागून कोणी काही भरणार नाही. सहीखाली तारीख घालावी. कागद परत देण्याआधी त्याची झेरॉक्स काढावी, किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा, अक्षर वाचता येईल असा. मुलगी सुखरूप घरी आली तरी कागद लगेच फेकू नये. मुका मार दोन-चार दिवसांनी दुखू लागतो. डॉक्टरकडे जावे लागले तर त्याचा केसपेपर आणि औषधाच्या पावत्या याच कागदाला जोडून ठेवाव्यात.