द्रव्यगुणाचे पाठांतर: नियम प्रथम, अपवाद नंतर

(पदवी परीक्षेत द्रव्यगुण विषयात प्रथम आल्यामुळे कनिष्ठ विद्यार्थ्यांपुढे बोलण्याची विनंती मला झाली होती. त्या भाषणाचा हा सारांश. नित्य चिकित्सा करणाऱ्या वैद्यांना व औषधी निर्मात्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.)



प्रत्येक द्रव्याचे रस, वीर्य व विपाक सुटे पाठ केले, तर पन्नास द्रव्यांनंतर त्यांची सरमिसळ होते. म्हणून आधी नियम ध्यानात घ्यावा. मधुर, तिक्त व कषाय रसांची द्रव्ये सामान्यतः शीतवीर्य, तर अम्ल, लवण व कटु रसांची उष्णवीर्य असतात. मधुर व लवण रसांचा विपाक मधुर, अम्लाचा अम्ल आणि उरलेल्या तिन्हींचा कटु होतो. केवळ रस ठाऊक असला, तरी बाकीचे अनुमानाने सांगता येते.

आता वहीत द्रव्याचा रस लिहा, नियमाने वीर्य व विपाक मांडा आणि मग ग्रंथ उघडा. जे जुळले ते पाठ करू नका. जे जुळले नाही तेवढेच लाल शाईने लिहा.

त्रिकटूचे उदाहरण घेऊ. शुंठी, मरिच व पिप्पली ही तिन्ही कटुरसाची. नियमाने तिन्ही उष्णवीर्य व कटुविपाकी हवीत. मरिच नियमाबरहुकूम आहे. शुंठी उष्ण आहे, पण विपाक मधुर. शुष्क पिप्पलीचा विपाकही मधुर, आणि भावप्रकाशात ती अनुष्ण म्हटली आहे. आर्द्र पिप्पली तर शीत, गुरु व कफकर आहे. लाल शाईत उरल्या त्या एवढ्याच गोष्टी.

या भेदाचा चिकित्सेशी थेट संबंध आहे. कटुविपाक मल बद्ध करतो व शुक्राचा ऱ्हास करतो. मधुरविपाकाचे कार्य याच्या उलट. कृश, वातप्रकृतीचा, शुष्क मलाचा रुग्ण कास व मंदाग्नी घेऊन आला, तर रूक्ष व तीक्ष्ण मरिच त्याचा मलावरोध वाढवील. तेथे घृतासह पिप्पली योग्य. स्थूल, कफप्रधान रुग्णास मात्र मरिचाचे तेच गुण उपकारक ठरतात. म्हणूनच चूर्ण करताना पिप्पली महाग म्हणून तिच्या जागी मरिच वाढविल्यास चव तिखटच लागते, परंतु योग बदलतो. तथापि पिप्पलीचाही अतियोग चरकांनी निषिद्ध मानला आहे, हे विसरू नये.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. चित्रक व दंती या दोहोंचे रस कटु, विपाक कटु व वीर्य उष्ण. तरी दंती विरेचन करते, चित्रक करीत नाही. याचे कारण प्रभाव होय आणि प्रभाव अनुमानाने कळत नाही. अशी द्रव्ये वेगळ्या पानावर लिहून पाठच करावी लागतात. पण ती यादी लहान राहते, आणि परीक्षेत व रुग्णासमोर दोन्हीकडे आठवते.