फ्रेंचमधलं ‘येताना-जाताना’

मराठी विद्यार्थी फ्रेंच शिकतो ती बहुधा इंग्रजीतून. पुस्तकात फ्रेंच वाक्य आणि त्याच्या शेजारी इंग्रजी अर्थ. पुष्कळ ठिकाणी हे निभावून जातं, पण इंग्रजीतलं ‘आयएनजी’ आलं की घोटाळा होतो. हा एकच प्रत्यय इंग्रजीत अनेक घरची कामं करतो. ‘आय अ‍ॅम ईटिंग’मध्ये तो चालू क्रिया दाखवतो, ‘आय लाइक ईटिंग’मध्ये नाम होऊन बसतो, ‘विदाउट ईटिंग’मध्ये एका अव्ययाच्या पुढे येतो आणि ‘द मॅन ईटिंग ब्रेड’मध्ये माणसाची ओळख सांगतो. फ्रेंचमध्ये ‘आँ’ असा शेवट होणारं रूप दिसलं (लिहिताना शेवटी ए-एन-टी) की विद्यार्थ्याला वाटतं, हेच ते आयएनजी. ते तसं नाही.

मराठीत या कामांसाठी वेगवेगळी रूपं आहेत: जेवतो आहे, जेवायला, न जेवता, जेवणारा, जेवताना. फ्रेंचमधली वाटणी बरीचशी याच वळणाची आहे. म्हणून खालची कृती अशी आहे की इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत आणायचं, क्रियापदाचा शेवट बघायचा आणि मग फ्रेंच रूप निवडायचं. एका ठिकाणी मात्र मराठीही चकवते. तिथे आपण सर्वांत जास्त वेळ थांबू.

पहिलं काम रूप तयार करण्याचं. वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओं’ काढा आणि तिथे ‘आँ’ लावा. नू पार्लों (आम्ही बोलतो) वरून पार्लाँ, नू फिनिसों वरून फिनिसाँ, नू माँज्यों वरून माँज्याँ. मूळ धातूपासून सुरुवात करू नका. ‘नू’च्या रूपात स्पेलिंगचे खाचखळगे आधीच भरलेले असतात, ते आयते मिळतात. अपवाद तीनच: ‘असणे’चं एताँ, ‘जवळ असणे’चं एयाँ आणि ‘माहीत असणे’चं साशाँ. हे शेवटचं नियमाने केलं असतं तर ‘साव्हाँ’ झालं असतं, आणि त्याचा अर्थ फ्रेंचमध्ये ‘विद्वान’ असा होतो.

दुसरं काम चाळण्याचं. हाती आलेल्या आयएनजींपैकी ज्यांना ‘आँ’ लागतच नाही ते आधी बाजूला काढा. असे निम्म्याहून अधिक निघतात.

मराठीत शेवटी ‘आहे’ किंवा ‘होता’ आला तर तो नुसता काळ आहे. ‘मी जेवतो आहे’ म्हणजे साधं ‘ज्य माँज्य’. क्रिया आत्ता चालू आहे यावर जोर द्यायचा असेल तरच ‘ज्य स्वी आँ त्रँ द माँज्ये’. ‘तो गात होता’ म्हणजे ‘इल शाँतॅ’, अपूर्ण भूतकाळ. ‘ज्य स्वी माँज्याँ’ हे इंग्रजीचं हुबेहूब सोंग, पण फ्रेंचमध्ये असं कुणी बोलत नाही.

मराठीत ‘-णे’ किंवा ‘-यला’ आलं तर फ्रेंचमध्ये मूळ धातूच राहू द्या. ‘मला चालायला आवडतं’ म्हणजे ‘ज्यॅम मार्शे’. इथेच आणखी एक नियम पाठ करून टाका, कारण तो लहान आणि पक्का आहे: फ्रेंचमध्ये ‘आँ’ (लिहिताना ई-एन) या एकाच शब्दयोगी अव्ययापुढे हे रूप येतं. बाकी सगळ्यांपुढे धातू. ‘न बोलता’ म्हणजे ‘साँ पार्ले’, ‘निघण्यापूर्वी’ म्हणजे ‘आव्हाँ द पार्तीर’, ‘जेवल्यावर’ म्हणजे ‘आप्रॅ आव्हवार माँज्ये’.

मराठीत ‘बसलेला’, ‘झोपलेला’, ‘टेकलेला’ आलं तर फ्रेंचही भूतकालवाचक रूप घेते. इंग्रज म्हणतो माणूस ‘सिटिंग’ आहे. आपण म्हणतो तो बसलेला आहे, आणि फ्रेंच माणूसही म्हणतो, ‘इल एतासी’. क्रिया संपून स्थिती उरली आहे, असा दोघांचा हिशेब.

आता उरतात ते ‘-ताना’, ‘-त’ आणि काही ‘-ऊन’. यांच्यासाठी फ्रेंचमध्ये ई-एनवालं ‘आँ’ अधिक ‘आँ’चं रूप, म्हणजे ज्येरोंदिफ: आँ माँज्याँ, जेवताना. ‘तो धावत आत आला’ हे इंग्रजीत ‘ही रॅन इन’ होतं, धावणं मुख्य क्रियापद आणि आत येणं एका छोट्या शब्दात. फ्रेंच मात्र आपल्यासारखंच मांडते: ‘इल एताँत्रे आँ कुराँ’. ‘-ऊन’च्या बाबतीत जरा थांबा. ‘काम करून पैसे मिळवले’ यात काम हे साधन आहे, म्हणून ‘आँ त्राव्हायाँ’ चालेल. ‘जेवून गेला’ यात आधी एक, मग दुसरं असा क्रम आहे. तिथे ‘आप्रॅ आव्हवार माँज्ये’च हवं. ‘आँ माँज्याँ’ लिहिलंत तर तो घास चावत चावत निघाला, असा अर्थ होईल.

आता ती चकवणारी जागा. ज्येरोंदिफचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. मराठीत असं बंधन नाही. ‘जेवताना फोन वाजला’ हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि फोन जेवत होता असं कुणालाही वाटत नाही. फ्रेंचमध्ये ‘आँ माँज्याँ, ल तेलेफोन आ सोने’ लिहिलं तर व्याकरणाच्या हिशेबाने फोनच जेवायला बसतो. तिथे वाक्य मोडून सांगायचं: ‘पाँदाँ क ज्य माँज्यॅ, ल तेलेफोन आ सोने’, मी जेवत असताना फोन वाजला.

तपासणी करायची ती मराठी वाक्यावर नाही, फ्रेंच वाक्यावर. कारण मराठीत ‘मला’ची वाक्यं फार. ‘बाजारातून येताना मला पॉल भेटला’ यात व्याकरणाने कर्ता पॉल, आणि येत होतो मी. मराठीवरून बघाल तर ज्येरोंदिफ चालणार नाही असं वाटेल. पण फ्रेंच मुख्य वाक्य ‘जे राँकोंत्रे पॉल’, म्हणजे मी पॉलला भेटलो, असं होतं. कर्ता मी, येणारा मी. म्हणजे ‘आँ राँत्राँ द्यु मार्शे’ बिनधास्त लावा. सवय अशी ठेवा की मुख्य वाक्य आधी पूर्ण लिहायचं आणि त्याच्या कर्त्यावर बोट ठेवून विचारायचं, ही दुसरी क्रियाही यानेच केली का? जुन्या म्हणी हा नियम जुमानत नाहीत. ‘ला फोर्त्युन व्ह्यँ आँ दोर्माँ’, झोपेत असताना लक्ष्मी येते, यात झोपलेली लक्ष्मी नाही. म्हणींना ती मुभा आहे, आपल्या निबंधाला नाही.

एवढं झालं की उरतो तो ई-एनवालं ‘आँ’ नसलेला प्रकार, म्हणजे पार्टिसिप प्रेझाँ. याचं काम शेजारच्या नामाचं वर्णन करणं, मराठीतल्या ‘-णारा’च्या किंवा ‘-त असलेला’च्या जवळचं. फरक एका जोडीत नीट दिसतो. ‘जे व्ह्यु पॉल सोर्ताँ द्यु सिनेमा’ म्हणजे सिनेमातून बाहेर पडणारा पॉल मला दिसला. ‘जे व्ह्यु पॉल आँ सोर्ताँ द्यु सिनेमा’ म्हणजे बाहेर पडत होतो मी, आणि तेव्हा तो दिसला. एका लहानशा शब्दाने सिनेमातून बाहेर पडणारा माणूस बदलला. पहिलं वाक्य बरोबर आहे, पण कागदी आहे. बोलताना फ्रेंच लोक ‘जे व्ह्यु पॉल सोर्तीर’ असा धातू वापरतात किंवा ‘की’ लावून ‘जो बाहेर पडत होता’ असं वाक्य करतात. सूचनांमध्ये, बातम्यांमध्ये, सरकारी पत्रांत मात्र हे नुसतं रूप भरपूर भेटतं. कारण सांगायलाही ते येतं: ‘एताँ मालाद’, आजारी असल्यामुळे. आणि कर्ता वेगळा असला तरी तो आधी उघड लिहून चालतो: ‘ला प्ल्वी एयाँ सेसे’, पाऊस थांबल्यावर.

हे रूप लिंग-वचनाने बदलत नाही. फ्रेंच अकादमीने 1679 साली तसा निर्णय दिला. त्याआधीची पद्धत कायद्याच्या भाषेत अजून टिकून आहे: हक्कदारांना ‘एयाँ द्र्वा’ म्हणतात आणि अनेकवचनात पहिल्या शब्दाला आजही एस लागतो. हेच रूप पूर्ण विशेषण झालं तर मात्र बदलतं: ‘युन इस्त्वार अँतेरेसाँत’, एक रंजक गोष्ट. ओळखायची खूण म्हणजे त्यापुढे कर्म आलं तर ते क्रियापद आणि मागे ‘फार’ लावता आलं तर विशेषण. काही जोड्यांमध्ये स्पेलिंगही वेगळं असतं. ‘थकवणारा’ या अर्थाच्या विशेषणात जी नंतरचा यू गळतो आणि क्रियापदाच्या रूपात राहतो. कानाला दोन्ही ‘फातिगाँ’च, म्हणून ही चूक लिहितानाच होते.

एक उतारा करून बघू. इंग्रजीत असं समजा: ‘वॉकिंग होम, आय सॉ द बेकर क्लोजिंग हिज शॉप. ही वॉज सिंगिंग. बिफोर लीव्हिंग, ही गेव्ह मी अ बॅगेट, सेइंग इट वॉज द लास्ट.’ मनातलं मराठी: चालत घरी येताना मला बेकरीवाला दुकान बंद करताना दिसला. तो गात होता. निघण्यापूर्वी त्याने ही शेवटचीच आहे असं म्हणत मला एक बागेत दिली.

पहिला ‘येताना’. फ्रेंच मुख्य वाक्य ‘जे व्ह्यु’, मी पाहिलं. येणारा मीच, म्हणून ज्येरोंदिफ: ‘आँ राँत्राँ शे म्वा आ प्ये’. दुसरा ‘करताना’ मराठीत अगदी पहिल्यासारखा दिसतो, पण बंद करणारा मी नाही, बेकरीवाला आहे. इथे ‘आँ’ लावलं तर त्याचं दुकान मीच बंद केलं असं होईल. पाहण्याच्या क्रियापदापुढे धातू ठेवा: ‘ल बुलाँज्ये फेर्मे सा बुटीक’. तिसरा नुसता काळ, ‘इल शाँतॅ’. चौथा ‘पूर्वी’च्या पुढचा, म्हणून धातू, ‘आव्हाँ द पार्तीर’. पाचवा ‘म्हणत’: देणारा तो आणि म्हणणाराही तोच, म्हणून ‘इल मा दोने युन बागेत आँ दिझाँ क सेतॅ ला देर्न्येर’.

इंग्रजीत पाच आयएनजी होते, फ्रेंचमध्ये ‘आँ’ची रूपं दोन आली, आणि दोन्ही ज्येरोंदिफ. नुसत्या पार्टिसिपची गरज एकदाही पडली नाही. तुमच्या वहीतल्या भाषांतरात जितके आयएनजी तितकी ‘आँ’ची रूपं दिसत असतील, तर चाळण्याची पायरी राहून गेली आहे. तिथून पुन्हा सुरुवात करा.