दर वापराचा भाव: घरातल्या वर्गण्या छाटण्याची कृती

जिमला महिन्याला 1,200 रुपये जातात आणि पेपरला 200. काटकसर करायची ठरली की हात आधी पेपरवर पडतो, कारण पेपरवाला रोख मागायला दारात उभा असतो आणि जिमचे पैसे वर्षातून एकदाच, गुपचूप जातात. म्हणून आकडा पाहून नव्हे, वापर मोजून छाटणी करावी. कृती सोपी आहे: महिन्याचा खर्च भागिले महिन्यातले वापर. चूक होते ती भागाकारानंतर, उत्तराचा अर्थ लावताना.

उदाहरणाला नाशिकचं एक घर घेऊ. नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि आजी. सगळे दर उदाहरणापुरते आहेत, तिथे आपापले घाला. घरात महिन्याला 78,000 रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता 22,500, किराणा-दूध-भाजी 16,500, शाळा आणि क्लास 8,000, वीज-गॅस-मोबाइल 4,300, पेट्रोल 4,500, औषधं आणि विमा 5,200, सोसायटीचा मेंटेनन्स 2,500, कामवाल्या मावशी 3,000, सणवार-आहेर-बाहेरचं जेवण 6,000. वर्गण्यांना 4,938. बेरीज 77,438, म्हणजे हातात उरतात 562 रुपये. मुलीच्या नावाने महिना 2,000 ची आवर्ती ठेव सुरू करायची आहे. ती बसते का, एवढाच प्रश्न आहे.

पहिलं काम यादीचं. आठवणीतून केलेली यादी नेहमी अपुरी असते. बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, कारण वार्षिक वर्गणी तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये सापडेलच असं नाही. मग यूपीआय ॲपमधला ऑटोपे हा विभाग उघडा. कार्डावरून जाणाऱ्या वर्गण्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये वेगळ्या दिसतात, आणि फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्या त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत असतात. रोखीचे पेपर आणि केबल हाताने लिहा. वार्षिक रकमेला 12 ने, तिमाहीला 3 ने भागून सगळं महिन्यावर आणा.

आपल्या घराची यादी अशी झाली: इंटरनेट 825, डीटीएच 390, मराठी मालिका-सिनेमांचं ओटीटी 125 (वर्षाला 1,500), इंग्रजी मालिकांचं ओटीटी 499, जिम 1,200 (वर्षाला 14,400), गाण्यांचं ॲप 120, मराठी पेपर 150, इंग्रजी पेपर 200, जेवण मागवायच्या ॲपचं सदस्यत्व 149, फोटो साठवायची ऑनलाइन जागा 130, मुलीचं अभ्यासाचं ॲप 800 (वर्षाला 9,600) आणि पाण्याच्या फिल्टरचा देखभाल करार 350 (वर्षाला 4,200).

दुसरं काम, एक वापर म्हणजे काय ते आधी ठरवणं. ओटीटीची एक संध्याकाळ हा एक वापर. भाग किती पाहिले, सोफ्यावर किती जण होते, हे मोजायचं नाही. माणसागणिक मोजलं की चौघांच्या घरात कुठलीही वर्गणी स्वस्तच दिसते. जिमला एक फेरी, पेपरला ज्या दिवशी घडी उघडली तो दिवस. आणि मोजणी मागे पाहून करा. ‘आजपासून महिनाभर टिपून ठेवू’ म्हटलं की त्या महिन्यात सगळेच उत्साहाने जिमला जातात. त्यापेक्षा पाहिलेल्या मालिकांची यादी, ऑर्डरींचा इतिहास, जिमची हजेरी हे गेल्या तीन महिन्यांचं पाहून सरासरी काढा. परीक्षेचा किंवा दिवाळीचा महिना त्यात असेल तर तो सोडून त्याच्या आधीचा घ्या.

आता भागाकार. जिमला महिन्यात चार फेऱ्या, म्हणजे फेरी 300 रुपयांना पडली. इंग्रजी ओटीटी तीन संध्याकाळी चाललं, एक संध्याकाळ 166 ला. अभ्यासाचं ॲप पाच वेळा उघडलं, दर वेळेला 160. इंग्रजी पेपर आठ दिवस वाचला गेला, 25 रुपये. उलट मराठी ओटीटी अठरा संध्याकाळी लागलं, 7 रुपये. मराठी पेपर जवळजवळ रोज, सव्वापाच रुपये. गाणी महिन्यात चाळीसदा, 3 रुपये. डीटीएचवर आजींच्या रोज दोन मालिका, साडेसहा रुपये. इंटरनेट रोजचं, साडेसत्तावीस.

इथे बहुतेक लोक थांबतात, महागातलं महाग वरून खोडतात आणि मोकळे होतात. पण 300 रुपये महाग की स्वस्त हे तो आकडा सांगत नाही. तीच गोष्ट सुटी घेतली तर कितीला पडते, त्याच्याशी ताडून पाहायला हवं. याच जिममध्ये एका दिवसाचे 150 घेतात. 1,200 भागिले 150 म्हणजे महिन्याला आठ फेऱ्या झाल्या तरच वर्गणी बरी. आपण चारच मारतो. पेपर स्टॉलवर 7 रुपयांना मिळतो. आठच दिवस वाचायचा तर 56 रुपयांत भागतं. रद्दीचे पैसे मोजायचा मोह होईल, पण त्यासाठी न वाचलेला पेपर घेण्यात अर्थ नाही.

याच तुलनेतून कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी निघते. वर्गणी बंद केली म्हणून तिची पूर्ण रक्कम वाचत नाही. तिच्या जागी जे सुटं घ्यावं लागेल ते वजा करा, उरेल तीच बचत. जिम सोडून चार दिवसांचे 600 दिले तर वाचले 600. पेपरात 200 वजा 56, म्हणजे 144. इंग्रजी ओटीटीचं सुटं तिकीट नसतं, पण ते महिन्याच्या बोलीवर असल्यामुळे वर्षात दोनच महिने घ्यायचं, एक मे महिन्याच्या सुट्टीत आणि एक दिवाळीत. वर्षाचे 998, म्हणजे महिन्याला 83. वाचले 416.

जेवणाच्या ॲपचं गणित वेगळं आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबतो. सदस्यत्व 149. महिन्याला तीन ऑर्डरी, दर वेळी पोचवण्याचे 40 रुपये वाचतात. म्हणजे 149 देऊन 120 वाचवले. बंद केलं तर निव्वळ फायदा 29 रुपयांचा. चौथी ऑर्डर दिली की सदस्यत्व ‘वसूल’ होतं, आणि फसगत नेमकी तिथेच आहे. दर वापराचा भाव उतरावा म्हणून मागवलेली चौथी ऑर्डर स्वतः चारशे रुपयांची असते. ज्या वर्गणीच्या प्रत्येक वापराला वेगळे पैसे लागतात, तिथे हा भाव उतरला म्हणून खूश होऊ नये. अशा ठिकाणी महिन्याचं एकूण बिल बघावं. माझ्या मते हे सदस्यत्व 29 रुपयांसाठी नाही, त्या चौथ्या ऑर्डरीसाठी बंद करावं.

डीटीएच स्वस्त पडतं म्हणून तसंच सोडू नका, आत डोकवा. 2019 पासून चॅनेल सुटे निवडायची सोय आहे. आजी पाहतात ते मराठी चॅनेल ठेवले आणि कोणीच न पाहिलेले इंग्रजी सिनेमांचे व कार्टूनचे पॅक काढले तर कर धरून 110 रुपये कमी झाले. जोडून मिळालेल्या वस्तूंचा भाव एकत्र काढला की वापरातली वस्तू पडीक वस्तूला पाठीशी घालते.

अभ्यासाच्या ॲपला पर्याय शोधायची गरजच पडली नाही. क्लासचे पैसे आपण भरतोच आणि मुलगी शंका तिथेच विचारते. पूर्ण 800 वाचले. फक्त तिला विचारल्याशिवाय बंद करू नका. पाच वेळांतल्या तीन गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्रीच्या असतील, तर निकाल बदलू शकतो.

फिल्टरचा करार आणि फोटोंची जागा यांना हा भागाकार लावायचा नाही. त्यांचा उपयोग वापरण्यात नसून काही बिघडू न देण्यात आहे. विमाही याच रांगेतला. त्यांना एकच प्रश्न: उद्या बंद केलं तर काय अडेल? फोटो दुसरीकडे उतरवून घेतले नसतील, तर 130 रुपये चालू राहू द्यावेत.

बेरीज करू. डीटीएच 110, इंग्रजी ओटीटी 416, इंग्रजी पेपर 144, जेवणाचं ॲप 29, अभ्यासाचं ॲप 800, जिम 600: एकूण 2,099. सुट्या खर्चाचा विचार न करता नुसत्या रकमा खोडल्या असत्या तर 2,958 वाचले असं वाटलं असतं, आणि पुढच्या महिन्यात 859 रुपये कुठे गेले म्हणून शोधाशोध झाली असती. वर्गण्या आणि त्यांच्या बदल्यातला सुटा खर्च मिळून आता 2,839 होतात. 562 मध्ये 2,099 मिळवले की शिल्लक 2,661. ठेवीचे 2,000 भरून 661 उरतात.

एक खाच लक्षात ठेवा. जिमचे आणि अभ्यासाच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरून झालेत, ते परत येणार नाहीत. मुदत संपेपर्यंत दोन्ही खुशाल वापरा. भरलेल्या पैशांवर आणखी एक फेरी मारायला काही पडत नाही. वाचतात ते पुढच्या नूतनीकरणासाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे 1,200 आणि 800. ते बाजूला टाकत नसाल, तर ही बचत नूतनीकरणाच्या महिन्यातच दिसेल आणि ठेव तोपर्यंत थांबवावी लागेल.

शेवटचं काम बंद करण्याचं. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, पैसे कापायची परवानगी बँकेकडे तशीच असते. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन रद्द करा, मग ऑटोपेच्या किंवा कार्डाच्या यादीत जाऊन परवानगीही रद्द करा आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी, पण ती बहुधा जाहिरातींच्या मेसेजांत हरवते. शिवाय 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा नेहमीच्या वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे 9,600 ची वर्गणी न विचारता जाऊ शकते. पेपरवाल्याला मात्र महिना सुरू व्हायच्या आधी तोंडी सांगा, नाहीतर अर्ध्या महिन्याचा हिशेब दोघांनाही डोकेदुखी.

वार्षिक वर्गण्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि प्रत्येकीच्या पंधरा दिवस आधी तोच भागाकार पुन्हा करा. मुलगी दहावीत गेली की अभ्यासाच्या ॲपचे पाच वापर वीस होतील, आणि मग 40 रुपयांना पडणारं तेच ॲप ठेवावं लागेल.