स्लाइडवरची सावली: किती आणि कुठे

स्लाइडवर सावली, ग्रेडियंट आणि पारदर्शकता या तिन्हींचे काम एकच आहे: कशाच्या वर काय आहे, हे नजरेला सांगणे. एवढ्यापुरते वापरले तर स्लाइड आजची वाटते. नटवण्यासाठी वापरले की ती जुनी दिसू लागते. हे जुनेपण बहुधा २००७ चे असते. पॉवरपॉइंटच्या त्या आवृत्तीत चकाकी, प्रतिबिंब, फुगीर कडा आणि मऊ सावल्या एका क्लिकवर मिळू लागल्या आणि हौसेने सगळीकडे लागल्या. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आणि २०१३ मध्ये आयओएस ७ सपाट रूपात आले. २०१४ मध्ये गूगलच्या मटेरियल डिझाइनने सावली ठळकपणे पुढे आणली, पण एका निश्चित अर्थाने: वरचा थर खालच्यापासून किती उंच आहे, ते दाखवण्यासाठी.

प्रस्तुत लेखकाने मंचेरियलच्या एका सभागृहात सिंगरेणीचा कोळसा आणि जवळच्या जयपूरचे (राजस्थानातले नव्हे) १२०० मेगावॅटचे वीजकेंद्र या विषयावर केलेले सादरीकरण हा अशा नटवण्याचा पुरेपूर नमुना होता. मागे गोदावरीच्या पात्राचा फोटो, त्यावर ७० टक्के पारदर्शक काळा थर, थरावर पांढरी अक्षरे. खाली तीन चौकटी, प्रत्येकीत निळ्यापासून जांभळ्यापर्यंतचा ग्रेडियंट आणि प्रत्येकीला सावली. मथळ्याच्या अक्षरांनाही सावली. लॅपटॉपवर हे देखणे वाटत होते. दुपारी, उघड्या खिडक्यांच्या दालनात मागच्या रांगेतून विनंती आली, "सर, जरा वाचून दाखवता का?"

मोठा दोष काळ्या थराचा होता. पॉवरपॉइंटमध्ये Transparency ७० टक्के म्हणजे थर फक्त ३० टक्के झाकतो. (काही प्रोग्रामांत आकडा उलटा, म्हणजे अपारदर्शकतेचा असतो, तो आधी पाहावा.) फोटोतली उन्हाने पांढरी झालेली वाळू या थराखाली जेमतेम राखाडी होते आणि तिच्यावरच्या पांढऱ्या अक्षरांचा विरोध साधारण २.१ ला १ एवढाच उरतो. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ लागतो. पारदर्शकता ५० टक्के केली तर विरोध ४ च्या आसपास जातो, ४० टक्के केली तर ५.७. म्हणजे ४० हा आकडा फोटोच्या सर्वांत उजळ जागीही टिकतो. मोजायचे ते त्याच जागी. गडद पाण्यावर सगळेच आकडे चांगले येतात. शिवाय प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त प्रकाश कमी करतो. उजेडाच्या खोलीत पडद्यावरचा काळा हा भिंतीच्या उजेडाइतकाच काळा असतो, म्हणून तिथे ५.७ सुद्धा प्रत्यक्षात कमीच भरतो.

ग्रेडियंटमध्ये दोन टोकांचे रंग वेगळ्या कुळांतले घेतले की मधली छटा मळकट होऊ शकते आणि अक्षरांचा विरोध चौकटीभर बदलत राहतो. एकाच रंगाच्या दोन जवळच्या छटा पुरतात. मात्र पूर्ण स्लाइडभर अगदीच हलका उतारही धोक्याचा: दोन टोकांत २० पायऱ्यांचाच फरक असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीवर प्रत्येक पायरी ९६ पिक्सेलचा पट्टा होते आणि मोठ्या पडद्यावर ते पट्टे मोजता येतात. असा उतार लहान आकारातच शोभतो.

सावलीचा तयार नमुना (उजवीकडे खाली पडणारा) Blur ४ पॉइंट, Distance ३ पॉइंट, Angle ४५ अंश, Transparency ६० टक्के असा येतो. याच आखूड, गडद कडेवरून स्लाइडचे वय कळते. Blur १५ ते २०, Distance ३ ते ४, Angle ९० आणि Transparency ८० ते ८५ ठेवले, की सावली दिसण्याऐवजी जाणवते. कोन सगळीकडे एकच हवा. एका स्लाइडवर दोन दिशांना पडणाऱ्या सावल्या म्हणजे दोन सूर्य.

देवनागरी अक्षरांना सावली देऊच नये. तीन पॉइंट सरकलेल्या सावलीने शिरोरेषा दुहेरी होते, अनुस्वाराला दुसरे टिंब फुटते आणि रफार कुठल्या अक्षराचा, हे ओळखू येत नाही. मथळा उठून दिसायला हवा असेल तर जाड वजनाचा फॉन्ट घ्यावा.

ती स्लाइड दुरुस्त केली तेव्हा फोटोवर ४० टक्के पारदर्शक थर आला, चौकटी एकरंगी झाल्या, अक्षरांच्या सावल्या गेल्या. सावली राहिली ती फक्त वीजकेंद्राच्या चौकटीखाली, कारण बोलणे तिच्याविषयी होते.