कलत्या फोनवरील गोटी: थरथर कशी शमवावी?

हातात धरलेला फोन आपल्याला स्थिर भासला, तरी त्यातील त्वरणमापकाच्या, म्हणजेच अ‍ॅक्सलरोमीटरच्या, नोंदी सतत किंचित बदलत असतात. काही चढउतार यंत्राचेच असतात, काही हाताच्या सूक्ष्म कंपाचे. फोन कलवून पडद्यावर गोटी घरंगळवण्याच्या खेळात या नोंदी जशाच्या तशा वापरल्या, तर गोटी थरथरत राहते. ती शांत करावी, पण हाताच्या आज्ञेतही ठेवावी, ती कशी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

अँड्रॉइड फोन उभा धरला असता त्याच्या रुंदीच्या दिशेची नोंद `x` होय. फोन सपाट असता ती शून्याजवळ असते. उजवी कड १० अंश खाली गेली की ती सुमारे उणे १.७ होते. गोटी उजवीकडे जावी यासाठी आम्ही प्रथम चिन्ह उलटे करतो. आता उजवा कल म्हणजे अधिक १.७. त्यानंतर प्रत्येक नव्या नोंदीला पुढील संस्कार देतो:

```
smooth = smooth + 0.2 * (-x - smooth)
```

जुनी किंमत आणि नवी नोंद यांतील अंतराचा केवळ पाचवा हिस्सा पुढे सरकायचा, एवढाच याचा अर्थ. फोन एकदम १० अंश कलवला, तर `smooth` ची किंमत क्रमाने ०.३४, ०.६१, ०.८३ अशी चढते आणि दहाव्या नोंदीला १.५२ पर्यंत पोहोचते. सेकंदाला ५० नोंदी येत असतील, तर यास पाचवा हिस्सा सेकंद लागतो. उलट, स्थिर हातातील एखादा क्षणिक धक्का २ इतका असला, तरी गोटीपर्यंत त्यातील ०.४ च पोहोचतो आणि लगेच ओसरू लागतो.

येथेच खरी ओढाताण आहे. ०.२ ऐवजी ०.०५ घेतल्यास थरथर आणखी घटते. परंतु कलाचा नव्वद टक्के भाग गाठण्यास सुमारे ०.९ सेकंद लागतात. हात सरळ झाला तरी गोटी कलल्यासारखीच ढकलली जाते, खड्ड्यात पडते, आणि खेळाडूला वाटते की चूक आपली. म्हणून परीक्षा दोन्ही बाजूंनी करावी. स्थिर हातात गोटी थरथरली, तर हा गुणक मोठा आहे. झटकन उलटा कल दिल्यावर ती उशिरा वळली, तर तो लहान आहे.

उरलेल्या कंपासाठी ०.३ पेक्षा लहान किंमत, म्हणजे पावणेदोन अंशांखालचा कल, शून्य मानावा. हे मात्र वरील संस्कारानंतरच करावे.

एक मर्यादा राहतेच. धावत्या बसने ब्रेक लावला किंवा वळण घेतले, तर तो जोर आणि फोनचा कल यांतील भेद ही एकटी नोंद ओळखू शकत नाही. त्यासाठी फिरण्याचा वेग सांगणाऱ्या जायरोस्कोपची जोड लागते.