पावसाआधी धूळ का येते? वादळ ओळखा, जागा सोडा



वळवाच्या दिवसांत एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पाऊस यायच्या आधी धुळीचा लोट येतो आणि वारा एकदम गार लागतो. हा गार वाराच धुळीचं खरं कारण आहे.

दुपारपर्यंत उघडं रान तापतं. गरम हवा वर जाते आणि ढग उंच वाढतो. त्यातून पाऊस पडू लागतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की बरेच थेंब वाटेतच वाळतात. थेंब वाळताना हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती जोरात खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. वाटेतली मोकळी माती ती उचलून नेते. म्हणून धूळ पुढे आणि पाऊस मागे.

*कसं ओळखायचं?* वेळ बहुतेक दुपारी तीननंतरची. काळा ढग दिसतो, वारा पडतो, उकाडा वाढतो. मग ढगाच्या खाली तपकिरी पट्टा दिसतो आणि ढगाच्या बाजूनं गार झुळूक येते. झुळूक लागली की हातात मिनिटंच राहतात. कांदा झाकू, मोटर बंद करून येऊ, असं म्हणत थांबू नका. ताडपत्री बांधायची तर काळा ढग दिसताच बांधा.

*कुठे थांबायचं?* पक्क्या घरात. झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, विजेच्या खांबाजवळ किंवा फलकाखाली नको. 13 मे 2024 ला मुंबईत असंच धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलामोठा जाहिरात फलक कोसळला आणि 17 जणांचा जीव गेला. धुळीपेक्षा वाऱ्यानं पडणाऱ्या वस्तू जास्त घातक असतात.

गाडीवर असाल तर रस्त्याच्या कडेपासून लांब थांबा, समोरचं दिसत नसताना चालवू नका. नाका-तोंडावर ओला रुमाल बांधा, डोळे चोळू नका, पाण्यानं धुवा. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात ठेवा. जनावरं झाडाला बांधलेली असतील तर ढग दिसताच सोडवून आणा. त्या दुपारी धसकटं, पाचट पेटवू नका, वाऱ्यानं आग शेजारच्या गोठ्यापर्यंत जाते.

धूळ बसली म्हणजे संपलं असं नाही. मागून वीज येते, म्हणून गडगडाट थांबल्यावर अर्धा तास आतच राहा. तुटलेली तार दिसली तर लांब राहून महावितरणला कळवा.

*रानाचं काय?* नांगरट झाली असेल तर ढेकळं तशीच राहू द्या. आत्ताच रोटाव्हेटर मारून माती बारीक केली तर वरची चांगली माती वाऱ्याबरोबर जाते. ते काम चांगला पाऊस झाल्यावर, वाफसा आला की करा.

हा मेसेज घरातल्या आणि शेतावर येणाऱ्या मजुरांनाही वाचून दाखवा.

– आपला कृषी सल्लागार