घरच्यांचा पगार, घरच्यांची सही: चौघांच्या दुकानाचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातले हार्डवेअर आणि रंगांचे दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकान अण्णांच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी. जागा स्वतःची. आई सकाळी गल्ला सांभाळते आणि उधारीचे फोन करते. मुलगा खरेदी बघतो, साइटवर जाऊन ठेकेदारांच्या ऑर्डरी आणतो. बी. कॉम. झालेली सून दुपारी पाच तास बिले, स्टॉक आणि जीएसटीची माहिती सांभाळते. वर्षाअखेरीस साधारण २० लाख नफा दिसतो. पगार मात्र कोणालाच नाही. लागतील तसे पैसे गल्ल्यातून निघतात आणि मोठा खर्च असेल तर अण्णांना विचारायचे. उदाहरण कल्पित आहे, पण असे दुकान बहुतेक वाचकांच्या ओळखीत सापडेल.

या घरात भांडण होते ते बहुधा पैसा कमी पडल्यामुळे नाही. वेगवेगळ्या कारणांसाठीचा पैसा एकाच गल्ल्यातून निघतो, म्हणून होते. केलेल्या कामाचा मोबदला वेगळा. गुंतवलेल्या भांडवलावरचा आणि जागेवरचा परतावा वेगळा. घरातला माणूस म्हणून मिळणारा घरखर्च तिसरा. हे तीन प्रवाह वेगळे केल्याशिवाय भागीदारीपत्र केले, तर तोच गोंधळ स्टॅम्पपेपरवर उतरतो. म्हणून आधी पगार, मग अधिकार आणि गरज असेल तरच संस्थेचे रूप बदलणे, हा क्रम मी सुचवतो.

पगार ठरवताना एकच प्रश्न विचारा: हा माणूस उद्यापासून आला नाही, तर हेच काम, एवढेच तास करायला बाहेरचा माणूस किती घेईल? आपल्या दुकानात मुलाचे महिना ३०,००० धरू, सुनेचे पाच तासांचे १५,००० आणि आईच्या अर्ध्या दिवसाचे १०,०००. प्रोप्रायटरला स्वतःचा पगार खर्चात दाखवता येत नाही, तरी अण्णांच्या कामाचे २५,००० वहीत वेगळे मांडा. जागेला भाडे द्यावे लागले असते तर १५,००० गेले असते, तेही मांडा. ही बेरीज महिन्याला ९५,००० म्हणजे वर्षाला ११ लाख ४० हजार होते. २० लाखांतून ती गेली की ८ लाख ६० हजार उरतात. धंद्याचा खरा नफा एवढाच. वाटणीची चर्चा या आकड्यावर व्हायला हवी. ‘दुकान वीस लाख कमावते आणि मला तीसच हजार’ हे मुलाचे वाक्य आणि ‘तुला सगळे मिळतेच आहे की’ हे अण्णांचे वाक्य, दोन्ही हा हिशेब न मांडल्यामुळे तोंडी येतात.

आईच्या आणि सुनेच्या पगारावर बहुतेक घरांत ‘एकाच घरात तर जातोय’ असे म्हणून विषय संपवतात. तो तिथे संपवू नका. पगार त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात, ठरलेल्या तारखेला, दुकानाच्या खात्यातून जायला हवा. घरखर्चाची रक्कमही ठरवून एक तारखेला घराच्या खात्यात वळती करा आणि त्यानंतर गल्ल्यातून घरासाठी एक रुपयाही काढू नका. पहिले दोन-तीन महिने हे फार जड जाते. भाजीला सुटे लागले की हात गल्ल्याकडेच जातो. पण गल्ला दुकानाचा झाल्याशिवाय सुनेचा रोजचा हिशेब जुळणार नाही आणि फरक आला की संशय तिच्यावरच येईल.

आता कर. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत सगळे २० लाख अण्णांच्या नावावर दाखवले, तर सेससह २ लाख ८ हजार कर येतो. मुलाचे ३ लाख ६० हजार आणि सुनेचे १ लाख ८० हजार पगार म्हणून वजा केले की अण्णांचे उत्पन्न १४ लाख ६० हजारांवर येते आणि कर सुमारे १ लाख ३ हजार होतो. मुलाला आणि सुनेला एवढ्या पगारावर कर लागत नाही. म्हणजे वर्षाला जवळपास १ लाख ५ हजार वाचतात. त्यासाठी वाढणारा सरकारी खर्च म्हणजे मुलाचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, आणि त्यासाठी दुकानाने घ्यायची नोंदणी. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, त्यामुळे सून आणि आई त्यातून सुटतात.

आईचा पगार मी या हिशेबात मुद्दाम धरला नाही. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार कायद्याने सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तो पगार बायकोच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेमुळे आणि अनुभवामुळेच मिळत असेल, तर अपवाद आहे. त्यामुळे आईच्या पगारातून करबचतीची फार अपेक्षा ठेवू नका, पण पगार द्याच. तो तिच्या कामाचा आहे. मुलगा पुढे भागीदार झाला तर सुनेच्या पगारालाही हाच नियम लागू होऊ शकतो.

नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त पगार दाखवला, तर जादा रक्कम आयकर अधिकारी खर्च म्हणून नाकारू शकतात. म्हणून नेमणुकीचे साधे पत्र, कामाची यादी, हजेरी आणि बँकेतून दिलेला पैसा एवढे जपा. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोखीने दिले, तर तो खर्चही धरला जात नाही. आणि मुलाच्या खात्यात गेलेला पगार दुसऱ्या दिवशी पुन्हा अण्णांच्या खात्यात येत असेल, तर तो पगार नव्हे, नुसती नोंद आहे. अधिकाऱ्याला ते पासबुकात दिसते. मुलाला तर ते रोजच दिसत असते.

यानंतर हमखास येणारा सल्ला म्हणजे ‘भागीदारी करून टाका’. त्याचा हिशेब बघू. भागीदारी संस्थेच्या नफ्यावर सेससह ३१.२ टक्के सरसकट कर लागतो. कार्यरत भागीदारांचा मोबदला वजा होतो, पण मर्यादेत: पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख, यांपैकी जे जास्त ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के. सुनेचा पगार वजा जाता १८ लाख २० हजार राहतात. त्यावर अण्णा आणि मुलगा मिळून जास्तीत जास्त १२ लाख ७२ हजार मोबदला घेऊ शकतात. उरलेल्या ५ लाख ४८ हजारांवर सुमारे १ लाख ७१ हजार कर बसतो. पगार देणाऱ्या प्रोप्रायटरी दुकानापेक्षा हा वर्षाला ६८ हजारांनी जास्त आहे. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज घेतले तर फरक थोडा कमी होतो, मिटत नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २०,००० पेक्षा जास्त मोबदला किंवा व्याज देताना १० टक्के टीडीएस कापावा लागतो.

एकदाचा खर्च वेगळा. महाराष्ट्रात भागीदारीपत्रावर भांडवलाच्या १ टक्का मुद्रांक शुल्क आहे, म्हणजे १० लाख भांडवलाला १०,००० रुपये. दुकानाची जागाच भांडवल म्हणून आत आणली, तर मात्र खरेदीखताप्रमाणे बाजारमूल्यावर शुल्क बसते. तेव्हा जागा अण्णांच्या नावावर ठेवा आणि संस्थेला भाड्याने द्या. मसुदा, पॅन, जीएसटी आणि निबंधकाकडची नोंदणी यांसाठी सल्लागाराची फी १५ ते ३० हजार धरून चाला. ती गावागणिक बदलते, म्हणून आधी लेखी विचारून घ्या. खरी दगदग पुढे आहे. पॅन बदलला की जीएसटी क्रमांक नवा, जुना शिल्लक क्रेडिट वेगळा फॉर्म भरून वळवायचा, बँकेचे खाते नवे, कॅश क्रेडिटला बँकेची संमती आणि रंग कंपनीच्या डीलरशिपवर नाव बदलणे. बँक आणि कंपनी यांचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत भागीदारीपत्रावर सही करू नका.

एवढे असूनही भागीदारी करावी असे प्रसंग आहेत. मुलाने स्वतःचे पैसे धंद्यात घातले असतील, किंवा अण्णांचे वय, तब्येत पाहता सहीचा अधिकार त्याच्याकडे जाणे गरजेचे असेल, तर करा. मग भागीदारीपत्र छापील नमुन्यावरून उतरवू नका. त्यात काही लिहिलेच नसेल, तर १९३२ चा भागीदारी कायदा असे मानतो की नफा-तोटा सर्वांचा समान, भागीदाराला कामाचा पगार नाही, रोजचे मतभेद बहुमताने मिटतील, आणि एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होईल. आई, अण्णा आणि मुलगा असे तिघे भागीदार असतील, तर बहुमत कोणाचे होईल हे मुलाला आजच दिसते. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर उधारी बुडवणाऱ्या ठेकेदारावर संस्थेला दावा लावता येत नाही. हार्डवेअरच्या धंद्यात तेवढे कारण पुरेसे आहे.

निर्णयाचे अधिकार मात्र प्रोप्रायटरी दुकानातही आजच लिहिता येतात. एका पानाचा कागद पुरतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर केला तर उत्तम. त्यात ‘सगळे मिळून ठरवतील’ असे वाक्य नको, रक्कम आणि नाव हवे. आपल्या दुकानापुरते सांगायचे तर ५०,००० पर्यंतची खरेदी मुलगा एकटा करेल. त्यावर दोन लाखांपर्यंत अण्णा आणि मुलगा दोघे. त्यापुढे, आणि कोणतेही कर्ज, जामीनकी किंवा जागा गहाण ठेवण्याचा विषय असेल, तर चौघांच्या सह्या. ठेकेदाराची उधारी मर्यादा मुलगा ठरवेल. ती ओलांडली की आई ‘थांबा’ म्हणू शकते आणि तिचा शब्द अण्णाही मोडणार नाहीत, कारण वसुलीचे फोन तिलाच करायचे असतात. बिलाशिवाय माल दुकानाबाहेर जाणार नाही, हा अधिकार सुनेचा, आणि तो घरातल्या प्रत्येकाला लागू. हीच मर्यादा बँकेतल्या सह्यांच्या सूचनेतही उतरवा. कागदावर दोन लाख आणि बँकेत फक्त अण्णांची सही असेल, तर मुलाचा अधिकार कागदावरच राहतो.

कागद पाळला जात नाही हे कळायला वर्ष लागत नाही. मुलाने नाकारलेली उधारी मागायला ठेकेदार अण्णांच्या घरी येऊन चहा पितो आणि माल घेऊन जातो. पुरवठादार भावासाठी मुलाला सोडून परस्पर अण्णांना फोन लावतो. सुनेच्या स्टॉकमध्ये ‘घरी नेले’ अशी नोंद वाढत जाते. असे दिसले तर त्या व्यक्तीवर बोट ठेवू नका, ती रक्कम वहीत तिच्या उचलीत टाका. अण्णांनी मर्यादेबाहेर दिलेली उधारी बुडाली, तर ती अण्णांच्या खात्यातून वळती होईल, असे आधीच लिहून ठेवले की पुढचा चहा कमी गोड लागतो.

एक गोष्ट राहते आणि ती बोलायला सगळ्यात जड आहे. प्रोप्रायटरी दुकान म्हणजे कायद्याने अण्णाच. ते गेले की माल, येणी आणि जागा त्यांच्या वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगा आणि लग्न होऊन पुण्यात राहणारी मुलगी तिघे समान वाटेकरी होतात. अण्णांची आई हयात असेल तर चौथी तीही. पंधरा वर्षे दुकानात राबलेल्या मुलाला त्यामुळे जास्त मिळत नाही आणि सुनेचे तर नावही येत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि दोन साक्षीदार पुरतात. फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मुलीचा हक्क दुकानाच्या हिश्शातून द्यायचा की जागेच्या भाड्यातून की ठेवीतून, हे अण्णांनी तिला समोर बसवून सांगावे आणि तसेच लिहावे. भागीदारी असेल, तर भागीदारीपत्रात एक कलम घाला: एखादा भागीदार वारला तरी संस्था चालू राहील, त्याच्या हिश्शाची किंमत त्या तारखेच्या ताळेबंदावरून काढली जाईल आणि वारसांना ती अमुक इतक्या हप्त्यांत दिली जाईल. हप्त्यांची संख्या लिहिली नाही, तर दुकानातला माल विकून एकदम पैसे द्यायची वेळ येऊ शकते.